डब्यावरचा तो नंबर नेमका कशाचा आहे?

वाचकाचे पत्र

मी बेळगावजवळच्या एका गावात राहते. माझे सासरे ६४ वर्षांचे आहेत आणि त्यांना बरीच वर्षे मधुमेह आहे. दोन महिन्यांपूर्वी माझ्या चुलत नणंदेने त्यांना एका हर्बल हेल्थ ड्रिंकचा अर्ध्या किलोचा डबा आणून दिला. किंमत १,६५० रुपये. ती स्वतःच ते विकते. सोबतच्या पत्रकात ‘मधुमेह मुळापासून बरा, गोळ्यांपासून कायमची सुटका’ असे छापले आहे. सासऱ्यांची उपाशीपोटीची साखर २१० वरून १५५ वर आली, म्हणून त्यांनी संध्याकाळची गोळी स्वतःच बंद केली. डब्यावर एफएसएसएआयचा नंबर आहे, जीएमपी आणि आयएसओची चिन्हे आहेत. घरचे म्हणतात, ‘सरकारने तपासलेली वस्तू आहे, तू उगाच शंका काढू नकोस.’ वन्संना दुखवायचे नाही, पण मनात धास्ती आहे. डब्याच्या सर्व बाजूंचे आणि पत्रकाचे फोटो पाठवते आहे. यात नेमके पाहायचे तरी काय?

उत्तर

लेबलाकडे वळण्यापूर्वी गोळीबद्दल बोलू, कारण ती गोष्ट थांबण्यासारखी नाही. मामंजींना शक्य तितक्या लवकर त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे घेऊन जा आणि सोबत हा डबा न्या. गोळी परत कधी आणि किती मात्रेत सुरू करायची, हे डॉक्टरांनी ठरवायचे आहे. घरच्या घरी ती सुरू करणे किंवा बंद करणे, दोन्ही टाळा. डॉक्टरांकडे जाईपर्यंत पेय थांबवा आणि घरी ग्लुकोमीटर असेल तर रोज साखर मोजून वहीत लिहून ठेवा. डॉक्टरांना ‘तीन महिन्यांची साखर’, म्हणजे एचबीए१सी ही तपासणी करायला सांगा. उपाशीपोटीचा एक आकडा त्या दिवसापुरता असतो. आदल्या रात्री काय आणि केव्हा खाल्ले यावरही तो खाली-वर होतो. एचबीए१सी मात्र सुमारे तीन महिन्यांचा सरासरी अंदाज देते.

आता घरच्यांच्या त्या वाक्याकडे येऊ, कारण तुमचा सगळा पेच त्यातच आहे. ‘सरकारने तपासलेली वस्तू’ असे डब्यावरच्या नंबरावरून ठरत नाही. एफएसएसएआय म्हणजे अन्नपदार्थांवर देखरेख ठेवणारे केंद्रीय प्राधिकरण. त्याचा चौदा अंकी क्रमांक म्हणजे व्यवसायाला मिळालेला परवाना किंवा नोंदणी. अमुक पत्त्यावर अमुक प्रकारचे अन्न तयार करण्याची किंवा विकण्याची मुभा या व्यक्तीला आहे, एवढेच तो सांगतो. हॉटेलच्या भिंतीवर परवाना लावलेला असला म्हणून आजचे सांबार कोणी तपासून पाहिलेले नसते. तसेच या डब्यातली पावडर कोणत्या शासकीय प्रयोगशाळेने तपासली, किंवा पत्रकातला दावा कोणी मान्य केला, असा त्या क्रमांकाचा अर्थ होत नाही. ‘एफएसएसएआय मान्यताप्राप्त’ असे शब्द मोठ्या अक्षरांत छापलेले दिसले तर ते ग्राहकाची दिशाभूल करणारे आहेत, असे मी स्पष्टपणे म्हणेन. आयएसओचे प्रमाणपत्र खासगी प्रमाणन संस्था देतात आणि ते कारखान्याच्या कामकाजाच्या पद्धतीविषयी असते. जीएमपी म्हणजे उत्पादनाच्या चांगल्या पद्धती पाळल्या जातात, एवढाच दावा. प्रमाणपत्राचा क्रमांक आणि ते देणाऱ्या संस्थेचे नाव नसेल, तर त्या गोल चिन्हांवरून काहीच सिद्ध होत नाही. तुमच्या डब्यावर ते नाही.

अशी वस्तू हातात आली की पहिला प्रश्न एकच विचारायचा: ही कायद्याच्या दृष्टीने अन्न आहे की औषध? आपल्याकडे या दोन वाटा वेगळ्या आहेत. अन्न असेल तर २००६ चा अन्न सुरक्षा आणि मानके कायदा लागू होतो, आणि अशा वस्तूला कोणताही आजार बरा करण्याचा, टाळण्याचा किंवा त्यावर उपचार करण्याचा दावा करता येत नाही. आयुर्वेदिक औषध असेल तर १९४० चा औषधे आणि सौंदर्यप्रसाधने कायदा लागू होतो. मग डब्यावर एफएसएसएआयच्या क्रमांकाऐवजी राज्याच्या आयुष परवाना अधिकाऱ्याने दिलेला उत्पादन परवाना क्रमांक लागतो, ‘आयुर्वेदिक औषध’ असे शब्द लागतात आणि घटकांची नावे त्यांच्या प्रमाणासह द्यावी लागतात. तुमच्या डब्याने परवान्याचा क्रमांक अन्नाच्या वाटेवरून घेतला आहे आणि वचन मात्र औषधाचे दिले आहे. बाकी सर्व काही बिनचूक असते, तरी एवढ्या एका गोष्टीवरून मी हा डबा बाजूला ठेवायला सांगितले असते.

औषधाची वाट धरली असती तरी पत्रकातले वाक्य चालले नसते. आक्षेपार्ह जाहिरातींविषयीचा १९५४ चा ‘औषधे आणि जादूई उपाय’ कायदा आहे. त्याच्या अनुसूचीत ज्या आजारांवर इलाजाची जाहिरात करण्यास मनाई आहे, त्यांत मधुमेहाचे नाव आहे. त्यामुळे ‘मधुमेह मुळापासून बरा’ असे कोणी छापले, तर त्या वस्तूचा परवाना कोणताही असो, ते वाक्य कायद्याच्या बाहेरचे आहे.

येथे कंपनी किंवा विक्रेता एक पळवाट काढतो: ‘डब्यावर आम्ही तसे काहीच लिहिलेले नाही, पत्रक वेगळे आहे.’ तुमच्या फोटोंत हेच दिसते. डब्याच्या मागे बारीक इंग्रजीत पोषणमूल्ये आणि एक-दोन सूचना आहेत. ‘बरा होतो’ हे वाक्य फक्त पत्रकावर आहे, आणि ते पत्रक एका बाजूला मराठीत, दुसऱ्या बाजूला कन्नडमध्ये आहे. लेबलावरचा सक्तीचा मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असला की कायद्याचे समाधान होते. त्याशिवाय आणखी भाषा वापरायची की नाही, हे कंपनीवर सोपवलेले आहे. परिणाम असा, की मामंजींना वाचता येणाऱ्या भाषेत वचन आहे आणि त्यांना न वाचता येणाऱ्या भाषेत मर्यादा आहे. सीमाभागात घरोघरी अशी दुभाषी पत्रके येतात आणि घरातली वडीलधारी मंडळी तेवढेच वाचतात, म्हणून हे मला मुद्दाम सांगावेसे वाटते. मात्र पत्रक वेगळे छापल्याने कंपनी सुटत नाही. अन्न सुरक्षा कायद्यातली जाहिरातीची व्याख्या बरीच रुंद आहे. तीत लेबल, वेष्टन, परिपत्रक, बिल, छापील मजकूर आणि इंटरनेटवरची प्रसिद्धी हे सगळे येते. वन्संच्या व्हॉट्सॲप गटात फिरणारा व्हिडिओही त्यातच धरला जाऊ शकतो.

आता डब्याच्या मागच्या बाजूवरची घटकांची यादी पाहू. फोटो मोठा करून वाचला तर पहिले नाव माल्टोडेक्स्ट्रिन आहे, त्यानंतर कोको पावडर आणि त्यानंतर ‘हर्बल मिश्रण ६ टक्के’. त्या मिश्रणापुढे कंसात कारले, जांभूळ बी, मेथी, गुळमार, गुळवेल, अश्वगंधा असे करत २१ वनस्पतींची नावे आहेत, कोणाचेही वेगळे प्रमाण नाही. घटकांची नावे वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागतात, म्हणून पहिले नाव ज्याचे, त्याचाच भाग डब्यात सर्वांत मोठा. म्हणजे ज्या डब्याच्या दर्शनी भागावर ताजे कारले आणि टपोरी जांभळे छापली आहेत, त्यात प्रत्यक्षात मुख्यतः माल्टोडेक्स्ट्रिन आहे. ते स्टार्चपासून बनवलेले कर्बोदक असून पोटात लवकर पचते आणि रक्तातली साखर झपाट्याने वाढवते. चवीला ते फारसे गोड नसते, त्यामुळे पिणाऱ्याला त्याचा संशयही येत नाही.

पोषणमूल्यांच्या तक्त्यात याचा पुरावा आहे. दर १०० ग्रॅममध्ये कर्बोदके ८२ ग्रॅम, त्यातील साखर ३ ग्रॅम, वरून घातलेली साखर ०. दर्शनी बाजूवर ठळक अक्षरांत ‘साखरविरहित’ लिहिले आहे ते या शेवटच्या शून्यावर. पण मधुमेही माणसाने पाहायची ओळ ही नव्हे; त्याने एकूण कर्बोदकांची ओळ पाहायची. पत्रकाप्रमाणे १० ग्रॅमचे एक माप दिवसातून दोनदा, म्हणजे रोज २० ग्रॅम पावडर, त्यात १६ ग्रॅमहून थोडे अधिक कर्बोदक. साधारण चार लहान चमचे साखरेत जेवढे कर्बोदक असते, जवळपास तेवढेच. दुधातून घेतले तर दुधाचे वेगळे. मधुमेहासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या पेयाची ही स्थिती आहे, आणि ती कोणत्याही प्रयोगशाळेत न जाता, केवळ तक्ता वाचून कळते.

वनस्पतींचा हिशेबही करून पाहा, कारण विक्रेत्यांचा सगळा भर त्यांच्यावर असतो. एका १० ग्रॅमच्या मापात ६ टक्के म्हणजे ६०० मिलिग्रॅम मिश्रण. ते २१ वनस्पतींत समान वाटले असे धरले, तर प्रत्येकीच्या वाट्याला सुमारे २९ मिलिग्रॅम येतात, दिवसभरात सुमारे ५७. मेथी किंवा जांभूळबी यांसारख्या द्रव्यांची चूर्णरूपातली मात्रा भारतीय आयुर्वेदिक औषधसंहितेत ३ ते ६ ग्रॅम सांगितलेली आहे. म्हणजे ग्रंथात सांगितलेल्या किमान मात्रेच्या जवळपास पन्नासावा भाग. एकेका वनस्पतीची ३ ग्रॅमच्या आसपासची मात्रा मिळवायची, तर दिवसाला असे दोन डबे संपवावे लागतील. संपूर्ण अर्ध्या किलोच्या डब्यात सर्व वनस्पती मिळून ३० ग्रॅम आहेत आणि त्याचे तुम्ही १,६५० रुपये दिले आहेत. आयुर्वेदावर श्रद्धा असलेल्या माणसानेसुद्धा हा हिशेब कंपनीकडे मागायला हवा. किंबहुना श्रद्धा आहे म्हणूनच मागायला हवा.

या हिशेबाला एक अपवाद आहे. काही कंपन्या चूर्णाऐवजी वनस्पतीचा अर्क घालतात. दहा किलो पानांपासून एक किलो अर्क काढला असेल, तर ५० मिलिग्रॅम अर्क हा ५०० मिलिग्रॅम पानांच्या बरोबरीचा मानला जातो. तेव्हा प्रामाणिक लेबलावर ‘अर्क’ हा शब्द, अर्काचे गुणोत्तर, वनस्पतीचा वापरलेला भाग आणि एका मापातले त्याचे मिलिग्रॅम दिलेले असतात. वनस्पतीचा भागही तितकाच महत्त्वाचा आहे. अश्वगंधेचे उदाहरण घ्या, परंपरेने आणि नियमानेही तिचे मूळ वापरायचे असते, पाने नव्हेत. तुमच्या डब्यावर यातले काहीच नाही. आणखी एक नियम येथे लागू होतो: लेबलावर शब्दांनी किंवा चित्राने एखाद्या घटकावर भर दिला असेल, तर त्या घटकाचे प्रमाण टक्क्यांत द्यावे लागते. कारले आणि जांभूळ दर्शनी चित्रात आहेत, त्यांची टक्केवारी मात्र कोठेच नाही. ‘आमचे गुपित मिश्रण आहे, प्रमाण सांगता येत नाही’ हे उत्तर रोगी माणसाच्या घरात ऐकून घेऊ नका. प्रमाण कळल्याशिवाय डॉक्टर किंवा वैद्य, कोणीही तुम्हाला सल्ला देऊ शकणार नाही.

आता तो चौदा अंकी क्रमांक. त्याची रचना समजली की बऱ्याच गोष्टी आपोआप कळतात. पहिला अंक १ असेल तर तो परवाना, २ असेल तर लहान व्यावसायिकाची नुसती नोंदणी. पुढचे दोन अंक राज्याचे: कर्नाटकासाठी १२, महाराष्ट्रासाठी १५, केंद्रीय परवान्यात तेथे ०० असते. त्यापुढचे दोन अंक वर्षाचे. तुमच्या डब्यावरचा क्रमांक २१५ ने सुरू होतो, म्हणजे तो महाराष्ट्रातल्या एखाद्या लहान व्यवसायाची नोंदणी आहे. आरोग्यपूरक आणि न्यूट्रास्युटिकल पदार्थ बनवणाऱ्या कारखान्याला मात्र केंद्रीय परवाना घ्यावा लागतो, त्याचा क्रमांक १०० ने सुरू होईल. foscos.fssai.gov.in या संकेतस्थळावर कोणालाही क्रमांक टाकून शोध घेता येतो. त्यात व्यवसायाचे नाव, पत्ता, क्रमांक चालू आहे की रद्द झाला आहे आणि कोणत्या प्रकारच्या पदार्थांसाठी तो घेतला आहे, हे दिसते. तुमच्या फोटोतला क्रमांक मी टाकून पाहिला. नोंदणी चालू आहे, पण ती मसाले दळून पाकिटात भरण्यासाठी आहे, आणि तेथले नाव डब्यावरच्या कंपनीच्या नावाशी जुळत नाही. डब्यावर ‘विपणन’ करणाऱ्याचा पत्ता बेळगावचा आहे. उत्पादन कोणी आणि कोठे केले, हे लिहिलेलेच नाही. एक तर मसाल्याच्या नोंदणीवर ही पावडर भरली जाते आहे, किंवा दुसऱ्याच कोणाचा क्रमांक छापला आहे. यातले कोणते खरे, हे अधिकारी शोधतील. पण संकेतस्थळावर नाव जुळले नाही, एवढ्यावर ग्राहकाने खरेदी थांबवावी.

वस्तू अन्नाच्या वाटेने आली आहे, तर तिच्यावर आणखी काय असायला हवे होते? ती आरोग्यपूरक म्हणून विकायची असेल तर लेबलावर ‘हेल्थ सप्लिमेंट’ किंवा ‘न्यूट्रास्युटिकल’ असा प्रकार ठळक लिहावा लागतो, ‘औषधी वापरासाठी नाही’ हा इशारा द्यावा लागतो, रोज किती घ्यायचे आणि त्याहून जास्त घेऊ नये हे सांगावे लागते. तुमच्या डब्यावर यांपैकी एकही शब्द नाही. त्याऐवजी ‘हेल्थ ड्रिंक’ आहे, आणि या नावाची व्याख्या अन्न सुरक्षा कायद्यात कोठेच नाही. याच कारणासाठी एप्रिल २०२४ मध्ये एफएसएसएआयने आणि केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना दूध, धान्य किंवा माल्टवर आधारित पेये त्या गटातून काढायला सांगितले होते. ‘डॉक्टरांनी शिफारस केलेले’ हे वाक्यही अन्नपदार्थाच्या लेबलावर चालत नाही. तुमच्या पत्रकावर पांढरा कोट घातलेल्या, नाव नसलेल्या एका गृहस्थांचे छायाचित्र आहे, ते हेच सुचवण्यासाठी आहे.

घरचे यावर म्हणतील, मग साखर उतरली कशी? हा प्रश्न रास्त आहे आणि त्याला बगल देऊ नका. पत्रकाच्या तळाशी ‘पथ्य’ म्हणून एक चौकट आहे: गूळ-साखरेचा चहा बंद, भात अर्धा, रोज पाऊण तास चालणे, रात्रीचे जेवण आठच्या आत. मामंजी हे पाळत असतील, तर साखर उतरण्याला तेवढे कारण पुरेसे आहे, आणि त्याचे श्रेय त्यांचे आहे, डब्याचे नाही. मात्र दुसरी एक शक्यता आहे, ती मी घाबरवण्यासाठी सांगत नाही. साखर उतरवणाऱ्या हर्बल म्हणून विकल्या गेलेल्या काही वस्तूंत लेबलावर न लिहिलेली ग्लिबेनक्लामाइड किंवा मेटफॉर्मिन यांसारखी ॲलोपॅथिक औषधे सापडल्याच्या नोंदी वेगवेगळ्या देशांत झालेल्या आहेत. तुमच्या डब्यात तसे आहे, असे म्हणण्याला माझ्याकडे कोणताही आधार नाही. पण उत्पादकच ठाऊक नसेल, तर तसे नाही असेही कोणी सांगू शकत नाही. अशी भेसळ असलेली पावडर आणि नेहमीची गोळी एकत्र झाली की साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. अचानक दरदरून घाम, हात थरथरणे, फार भूक, बोलण्यात गोंधळ, असे दिसले तर लगेच साखर मोजा. ती ७० च्या खाली असेल, किंवा मोजण्याची सोय नसेल, तर तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून द्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडातून काहीही न देता सरळ दवाखाना गाठा. गोळी परत सुरू करण्याचा निर्णय डॉक्टरांच्या हाती ठेवायचा, असे मी आरंभी लिहिले, त्याचे हेही एक कारण आहे.

आता वन्संविषयी. त्या फसवत आहेत असे तुम्ही कोठेही लिहिलेले नाही, आणि मलाही तसे वाटत नाही. अशा साखळी विक्रीत बहुधा विकणारीने आधी स्वतःचे पैसे भरून माल उचललेला असतो आणि पत्रकावरचे वाक्य तिने मनापासून खरे मानलेले असते. तेव्हा त्यांच्याशी मधुमेह बरा होतो की नाही यावर वाद घालू नका. तो वाद नात्यावर जातो. त्यांच्यासमोर डबा ठेवा आणि म्हणा, ‘वन्सं, डॉक्टरांनी मामंजींसाठी एवढी माहिती मागितली आहे, तुम्ही कंपनीकडून लेखी मागवून द्याल का?’ मग तीन प्रश्न लिहून द्या. हा माल कोणत्या कारखान्यात तयार झाला आणि त्या कारखान्याचा परवाना क्रमांक काय? एका मापात प्रत्येक वनस्पतीचा कोणता भाग, चूर्ण की अर्क, किती मिलिग्रॅम? आणि या बॅच क्रमांकाचा प्रयोगशाळेचा अहवाल, ज्यात शिसे, पारा यांसारख्या जड धातूंची आणि न सांगितलेल्या औषधांची तपासणी आहे, तो मिळेल का? कंपनीने नीट उत्तर दिले तर ते डॉक्टरांना दाखवा. टोलवाटोलवी झाली, तर वन्संनाही ते दिसेल, आणि पुढचा माल उचलण्याआधी त्यांचेही पैसे वाचतील. अहवाल आला तर त्यावरचा बॅच क्रमांक डब्यावरच्या क्रमांकाशी ताडून पाहा. एकच जुना अहवाल सगळ्यांना दाखवण्याची पद्धत फार आहे.

मामंजींशी बोलताना मात्र तुमच्या यजमानांना पुढे करा, आणि लेबलाऐवजी हिशेबाने सुरुवात करा. ज्यांनी आयुष्यभर बाजारात घासाघीस केली आहे, त्यांना ३० ग्रॅम पाल्याचे १,६५० रुपये हे सांगितले की बाकीचे समजावायला फार वेळ लागत नाही.

तक्रार करायची झाली, तर क्रमांक महाराष्ट्राचा आहे म्हणून कोल्हापूरला जाण्याची गरज नाही. वस्तू जेथे विकली गेली तेथले अधिकारी कारवाई करू शकतात, म्हणजे तुमच्यासाठी बेळगाव जिल्ह्याचे अन्न सुरक्षा अधिकारी. पुढचा पत्रव्यवहार ते करतील. एफएसएसएआयच्या १८००-११-२१०० या क्रमांकावर किंवा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावरही नोंद करता येते. डब्यावर ‘आयुर्वेदिक औषध’ असे लिहिलेले असते, तर तक्रार जिल्हा आयुष अधिकाऱ्यांकडे करावी लागली असती. इतर वाचकांनी हा फरक लक्षात ठेवावा, नाहीतर एका कार्यालयातून दुसरीकडे पाठवणी होत राहते. उरलेली पावडर फेकू नका. झाकण घट्ट लावून डबा, पत्रक, पैसे दिल्याची पावती किंवा मोबाइलवरची नोंद आणि व्हॉट्सॲपवरचे संदेश जपून ठेवा.

पावडर सरकारी अन्न विश्लेषकाकडून स्वतःच्या खर्चाने तपासून घेण्याचा अधिकार ग्राहकाला अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ४० ने दिलेला आहे, आणि नमुना दोषी ठरला तर भरलेले शुल्क परत मिळण्याची तरतूदही त्यात आहे. मात्र तशी तपासणी करण्याचा आपला हेतू खरेदी करतानाच विक्रेत्याला सांगावा लागतो. त्यामुळे उघडलेल्या जुन्या डब्याला हे कलम लागू होणे कठीण आहे. नवा सीलबंद डबा विकत घेताना साक्षीदारासमोर तसे सांगून, बिलावर बॅच क्रमांक लिहून घ्यावा लागेल. शिवाय अन्नाच्या नेहमीच्या तपासणीत लपवलेले औषध सापडेलच असे नाही. तेवढी शंका अर्जात स्पष्ट शब्दांत लिहा, म्हणजे कोणती चाचणी करायची हे प्रयोगशाळेला कळेल. नात्यामुळे वन्संकडून असा डबा घेणे तुम्हाला जड जाणार असेल, तर हे काम अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांवर सोडा. तुमच्या लेखी तक्रारीवरून ते विपणन करणाऱ्याच्या बेळगावच्या पत्त्यावरून स्वतः नमुना घेऊ शकतात, आणि तक्रारीत तुम्हाला तोच पत्ता द्यायचा आहे, नणंदेचे नाव नाही.